शून्य अंशाचं पाणी आणि शून्य अंशाचा बर्फ: सरबत एकानेच का गार होतं?

कुळागर_सावई

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी सावईवेऱ्याला आमच्या घरी पुतण्याची मुंज झाली. मे महिना, मांडवात पंखे लावले तरी घाम थांबत नव्हता. कोकम सरबताची जबाबदारी माझ्याकडे होती. बर्फाच्या कारखान्यातली लादी आणू नये असं मीच ठरवलं होतं, कारण तो बर्फ मासळीसाठी असतो, प्यायच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणून घरचं आणि शेजारच्या दोन घरांचं फ्रीज पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवलं. सोलं रात्रभर भिजवून पाच लिटर दाट सरबत केलं आणि त्यात फ्रीजमधलं पाच लिटर गार पाणी ओतलं. निम्म्याला निम्मं गार पाणी घातलं म्हणजे सरबत चांगलं थंड व्हायला हवं, असा माझा हिशेब होता.

झालं ते कोमट म्हणावं इतपतच. पंगत बसेपर्यंत तर कुणी दुसरा पेला मागितला नाही. जाऊबाईंच्या माहेरी अशाच कार्यक्रमाला त्यांनी घरच्या फ्रीजरमधला दोनेक किलो बर्फ टाकला होता आणि सरबत दातांना कळ येईल इतकं गार होतं.

माझा प्रश्न असा. फ्रीजचं पाणी चार-पाच अंशांचं होतं हे मान्य. पण समजा मी ते अगदी शून्य अंशापर्यंत आणलं असतं, तर बर्फाइतकाच परिणाम मिळाला असता का? बर्फही शून्याचा, पाणीही शून्याचं. मग फरक कशाने पडतो? पुढच्या महिन्यात नणंदेकडे बारसं आहे, तेव्हा पुन्हा माझीच परीक्षा.

सत्तरीकर

वहिनी, सोपं आहे. बर्फ शून्याचा नसतोच. फ्रीजरमध्ये उणे 18 अंश असतात, म्हणून बर्फ पाण्याहून 18 अंशांनी जास्त थंड. तेवढाच फरक. पाणी उणे 18 ला नेता येत नाही, ते आधीच गोठतं, म्हणून बर्फ जिंकतो.

भौतिकवाली_मडगाव

सत्तरीकर, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते एक दशांश आहे. मी बारावीला पदार्थविज्ञान शिकवत होते, दरवर्षी वर्गात हेच उत्तर पहिलं यायचं.

बर्फाला एक अंश तापवायला पाण्याच्या निम्मीच उष्णता लागते. म्हणजे एक ग्रॅम बर्फ उणे 18 वरून शून्यावर येताना सरबतातून साधारण 9 कॅलरी ओढून घेतो. आता तो शून्यावर आला, अजून बर्फच आहे. तिथून त्याचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला किती लागतात? 80. एका ग्रॅमला 80 कॅलरी, आणि एवढं घेऊन तापमान तसूभरही वाढलेलं नसतं. फ्रीजरच्या थंडपणाचे 9 आणि वितळण्याचे 80, तेव्हा खरं काम कोण करतं ते दिसतंच. तुमचे उणे 18 अंश विसरून अगदी शून्यावरचा, पाझरायला लागलेला बर्फ घेतला तरी वहिनींचं सरबत गार झालं असतं.

एका पेल्याचा हिशेब करू. सरबत 200 ग्रॅम, तापमान 30 अंश. पाण्याच्या एका ग्रॅमला एक अंशाला एक कॅलरी धरली, तर शून्याच्या वर या पेल्यात 6000 कॅलरी आहेत. साखरेमुळे किंचित कमी, ते सोडून देऊ.

त्यात शून्य अंशाचं 50 ग्रॅम पाणी ओतलं. 6000 कॅलरी आता 250 ग्रॅममध्ये वाटल्या गेल्या, तापमान 24 अंश.

त्याऐवजी शून्य अंशाचा 50 ग्रॅम बर्फ टाकला. वितळताना त्याने 50 गुणिले 80, म्हणजे 4000 कॅलरी गिळल्या. उरल्या 2000, त्या त्याच 250 ग्रॅममध्ये वाटा. तापमान 8 अंश.

दोन्ही पेल्यांत शेवटी सरबत तितकंच, पाणीही तितकंच मिसळलेलं. एक 24 वर, दुसरा 8 वर. आणि शून्य अंशाच्या पाण्यानेच 8 अंश गाठायचे म्हटले तर त्या 200 ग्रॅम सरबतात 550 ग्रॅम पाणी ओतावं लागेल. त्याला मग कोकमाचा रंगही राहणार नाही.

कुळागर_सावई

मॅडम, आकडे पटले. पण मन अडतंय ते एका जागी. 80 कॅलरी आत गेल्या आणि तापमान वाढलं नाही, तर त्या गेल्या कुठे? उष्णता आत गेली की वस्तू तापते, एवढंच आम्ही शिकलो.

भौतिकवाली_मडगाव

अडायलाच हवं, अडीचशे वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठे लोक इथे अडले होते.

बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना ठरलेल्या जागी धरून बसलेले असतात. तिथल्या तिथे थरथरतात, पण जागा सोडत नाहीत. तापमान म्हणजे त्या थरथरण्याचा जोर. शून्यावर पोचल्यावर जी उष्णता येते ती थरथर वाढवत नाही, ती पकड सोडवण्यात खर्च होते. पकड सुटलेले रेणू म्हणजे पाणी. थरथर तेवढीच राहिली म्हणून तापमानही तेवढंच. उष्णता हरवलेली नाही, त्या मोकळ्या झालेल्या रचनेत ती आहे. तेच पाणी पुन्हा गोठवा, 80 च्या 80 कॅलरी परत बाहेर पडतील. म्हणून तर फ्रीजरला बर्फ करायला इतका वेळ लागतो. पाणी शून्यापर्यंत लवकर येतं आणि मग तिथेच रेंगाळत बसतं, हे तुम्ही ट्रे काढून पाहिला असेल तर ठाऊक असेल.

ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या सुमारास हे फार साध्या रीतीने दाखवलं. एकसारखी दोन काचेची भांडी घेतली, एकात बर्फ, दुसऱ्यात गोठणबिंदूच्या जवळ आणलेलं तेवढंच पाणी. दोन्ही एकाच दालनात टांगली, म्हणजे हवेतून दोघांना सारख्याच वेगाने उष्णता मिळणार. पाणी अर्ध्या तासात फॅरनहाइटच्या 7 अंशांनी तापलं. बर्फाच्या भांड्याला त्याच तापमानावर यायला साडेदहा तास लागले. साडेदहा तास उष्णता आत जात होती आणि त्यातला बहुतेक वेळ तापमापी हलत नव्हता. त्यावरून त्यांनी काढलेला आकडा आपल्या मापात साधारण 77 होतो. आजचा 80. घड्याळ आणि तापमापी, एवढ्याच सामानावर! मला हा प्रयोग शिकवताना दरवर्षी नव्याने आनंद व्हायचा.

मराठी पुस्तकांत याला वितळणाचा अप्रकट उष्मा म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. उष्मा आहे, पण तापमापीवर प्रकट होत नाही.

हातआईस्क्रीम

बर्फ जास्त थंड करायचा असेल तर मीठ घाला ना. आमच्याकडे लाकडी पिंपात हाताने आईस्क्रीम फिरवतात तेव्हा बर्फात जाडं मीठ टाकतो. तापमान उणे 15-20 पर्यंत उतरतं. बर्फ साध्या पाण्याहून थंड करायची हीच युक्ती आहे.

कुळागर_सावई

दादा, माझा प्रश्न बर्फ आणखी थंड करण्याचा नाही. एकाच तापमानाला दोघांत फरक का, एवढाच आहे. शिवाय सरबतात इतकं मीठ कसं घालणार?

हातआईस्क्रीम

खरंय, मी घाईत वाचलं. मीठ डब्याच्या बाहेरच्या बर्फात असतं, आतल्या दुधात नाही. पण एक सांगतो, मीठ टाकल्यावर बर्फ भराभर वितळतो आणि त्या वितळण्यातूनच दूध गोठतं. बर्फ वितळला नाही तर आईस्क्रीमही होत नाही. म्हणजे मुद्दा तोच आला.

मालीम_जेटी

वरचं वाक्य आमच्या धंद्यातही चालतं. मी ट्रॉलरवर बारा वर्षं आहे. नवा पोरगा खणात मासळी भरतो तेव्हा त्याला वाटतं बर्फ शिल्लक राहिला म्हणजे काम छान झालं. उलट आहे. मासळीला लागून बर्फ वितळला पाहिजे, तेव्हाच तो तिची गरमी काढतो. वितळलेलं थंड पाणी खालच्या थरांतून जातं, त्यांनाही थंड करतं आणि मग खालून बाहेर निघालं पाहिजे. मोठे डिखळे टाकले की मधे हवा राहते, मासळीला बर्फ लागतच नाही. बांगडा वरून थंड लागतो आणि पोटाशी गरम. हात घालून बघितलं की कळतं.

आणि कुळागरताई, लादीचा बर्फ सरबतात घातला नाही ते शंभर टक्के बरोबर केलंत. तो कसा ओढतात, कुठे फोडतात ते मी रोज बघतो.

ओंकार_फोंडा

भौतिकवाली मॅडम, आज दुपारी तुमचा हिशेब करून पाहिला. आईचा स्वयंपाकाचा तापमापी आणि वजनकाटा घेतला. काचेचा जाड ग्लास, 200 ग्रॅम पाणी, 30 अंश. फ्रीजरमधून काढलेला बर्फ पाझरायला लागेपर्यंत बाहेर ठेवला, म्हणजे तो शून्यावर आला. त्यातले 50 ग्रॅम टाकून चमच्याने ढवळत राहिलो. सगळा वितळला तेव्हा 12.5 अंश आले, 8 नाही. मग बर्फाच्या पाण्यातून गाळलेलं 50 ग्रॅम पाणी दुसऱ्या तशाच ग्लासात ओतलं, तिथे 25 आले, 24 नाही. बर्फ जिंकला हे खरं, पण साडेचार अंशांची चूक मोठी आहे. 80 हा आकडा माझ्याकडे 60 वगैरेच भरतोय.

भौतिकवाली_मडगाव

ओंकार, फार बरं वाटलं. आकडा 80 च आहे, तुझे दोन पाहुणे मोजायचे राहिले.

पहिला तुझा ग्लास. जाड काचेचा ग्लास 200 ग्रॅमचा तरी असेल. काचेला पाण्याच्या साधारण एक पंचमांश उष्णता लागते, म्हणजे तो ग्लास हिशेबात 40 ग्रॅम पाण्यासारखा धर. तोही 30 अंशांवर होता, त्यालाही गार करावं लागलं. आता सुरुवातीच्या 6000 ऐवजी 7200 कॅलरी झाल्या.

दुसरा पाहुणा बर्फाच्या अंगावरचं पाणी. पाझरणारा बर्फ तू काट्यावर ठेवलास, त्यातलं पाच ग्रॅम तरी आधीच वितळलेलं असणार. त्या पाच ग्रॅमची वितळण्याची ताकद ट्रेमध्येच खर्च झाली. उरला 45 ग्रॅम खरा बर्फ, त्याने घेतल्या 3600.

7200 मधून 3600 गेल्या, उरल्या 3600. त्या 290 वर वाट, 12.4 येतात. पाण्याच्या ग्लासात 7200 भागिले 290, जवळजवळ 25. तुझा तापमापी अगदी खरं बोलतोय.

पुढच्या वेळी बर्फ फडक्याने टिपून लगेच टाक आणि पातळ स्टीलचा पेला घे.

ओंकार_फोंडा

टिपून केलं, स्टीलच्या पेल्यात. 9 अंश. 🙏

सत्तरीकर

मॅडम, माझं एक दशांश मान्य. पण वहिनींच्या सरबताला दुसरी अडचण होती असं वाटतं. टोप उघड्या मांडवात होता. त्याला ओलं गोणपाट गुंडाळायला हवं होतं, माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसं. बाष्पीभवनाने गारवा टिकला असता.

कुळागर_सावई

गोणपाट नव्हतं, पण टोप ठेवलेला चौरंगावरचा कपडा पंगतीपर्यंत चिंब भिजला होता. आधी वाटलं टोप गळतोय. पुसून पाहिलं तर बाहेरून नुसते थेंबच थेंब.

भौतिकवाली_मडगाव

वहिनी, तुमच्या या वाक्यासाठी पुन्हा लिहायला बसले. तुमचं सरबत कुठे बिघडलं त्याचा अर्धा पुरावा त्या कपड्यात आहे.

सत्तरीकर, माठाची गोष्ट वेगळी. माठ हवेइतक्या तापमानापासून सुरू होतो, त्याच्या अंगावरचं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता नेतं. मे महिन्यात आपल्या किनाऱ्याजवळच्या हवेत इतका दमटपणा असतो की 24-25 अंशांहून थंड कशालाही ती टेकली की तिच्यातली वाफ पाणी होऊन चिकटते. वहिनींचं सरबत ओतल्याक्षणी 17-18 अंशांवर होतं. अशा टोपावर ओलं गोणपाट गुंडाळलं तरी त्यातून पाणी उडणार नाही, उलट हवेतली वाफ त्यावरच जमत राहील.

आणि वाफेचं पाणी होताना ती उष्णता सोडते, एका ग्रॅमला सुमारे 580 कॅलरी. बर्फ वितळताना घेतो त्याच्या सातपट. कपडा चिंब झाला म्हणजे 100 ग्रॅम पाणी तरी जमलं असेल. त्यातून आल्या 58 हजार कॅलरी. दहा लिटर सरबतात त्या सगळ्या शिरल्या तर तापमान जवळजवळ 6 अंशांनी चढतं. सगळ्या आत शिरत नाहीत, काही हवेतही जातात, पण बऱ्याचशा शिरतात. तुम्ही 5 अंशांचं पाणी निम्म्याने घातलंत, म्हणजे सुरुवातच साडेसतरावर झाली. शून्याचं घातलं असतं तर 15. वरून हे दव आणि मांडवाची गरम हवा. कोमट होणारच होतं.

बर्फ तरंगत असता तर हीच उष्णता आधी त्याला वितळवण्यात गेली असती, त्या 58 हजार कॅलरींना पाऊण किलोच्या आसपास बर्फ पुरला असता, आणि सरबताचं तापमान मात्र हललं नसतं. थंड पाण्याकडे असा साठा नसतो, आलेली प्रत्येक कॅलरी ते लगेच तापमानात दाखवतं.

टोप कोरड्या जाड गोधडीत गुंडाळा आणि ती बाहेरून प्लास्टिकच्या कागदाने बंद करा, म्हणजे दमट हवा टोपापर्यंत पोचणार नाही. झाकण तर हवंच.

कुळागर_सावई

आता बारशाचं ठरवते. दहा लिटर सरबत 8 अंशांवर हवंय. मॅडमचा पेला पन्नास पट केला तर आठ लिटर... नाही, चाळीस पट. 200 ग्रॅमला 50, म्हणजे आठ लिटरला दोन किलो बर्फ, एकूण दहा लिटर. बरोबर ना? म्हणजे सोलं, साखर, मीठ, जिरं दहा लिटरच्या मापाने घ्यायचं पण पाणी आठच लिटर घालायचं. उरलेलं दोन लिटर पाणी बर्फ घेऊन येईल.

भौतिकवाली_मडगाव

अगदी बरोबर. फक्त टोप, दव आणि ओला बर्फ यांच्यासाठी तीन किलो जवळ ठेवा. दोन किलो आधी, उरलेला लागेल तसा. पाणचट होईल म्हणून बर्फ कमी घालायचा हा मोह टाळा. जेवढं गार करायचं तेवढा बर्फ वितळलाच पाहिजे, त्याला दुसरी वाट नाही. पेल्यात 75 ग्रॅम बर्फ वितळला की सरबत शून्यावर येतं. तुम्ही 75 ऐवजी 200 ग्रॅम टाकलात तरी त्या वेळी वितळणार 75 च, बाकीचा तरंगत पहारा देतो. कमी बर्फ टाकणाऱ्याला कोमट आणि पाणचट, दोन्ही मिळतं.

जिरं_लसूण

पाणी अजिबात मिसळायला नको असेल तर? आम्ही सोलकढी करतो, नारळाच्या रसात बर्फ गेला की मजाच जाते. मी बाटल्यांत पाणी गोठवून त्या बंद बाटल्याच टोपात सोडते. बाहेरून घासून धुतलेल्या.

भौतिकवाली_मडगाव

उत्तम रीत. वितळणं बाटलीच्या आत होतं, उष्णता मात्र कढीतून येते. दहा लिटरला 30 वरून 8 वर आणायला 220 हजार कॅलरी लागतात. एक किलो बर्फ वितळून पुढे 8 अंशांचं पाणी होईपर्यंत 88 हजार घेतो. म्हणजे अडीच किलो, गळती धरून साडेतीन-चार.

अडचण वेगाची. बाटलीत थोडा बर्फ वितळला की त्याचं पाणी आतच राहतं, उरलेल्या बर्फाभोवती जमतं आणि पुढची उष्णता त्यातून जायला वेळ लावते. म्हणून दोन मोठ्या बाटल्यांपेक्षा आठ लहान बऱ्या, आणि त्या खूप आधी टाकून मधूनमधून ढवळायचं. बाटली पूर्ण भरू नका, गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. आणि चार किलो पाणी घरच्या फ्रीजरला एका रात्रीत झेपत नाही. जे 80 उद्या टोपात कामाला येणार तेच आज फ्रीजरला काढून टाकावे लागतात. दोन दिवस आधी लागा.

मालीम_जेटी

एका गोष्टीवर मी मॅडमशी सहमत नाही. टिपलेले मोठे खडे घ्या असा सूर दिसतो. आमच्या अनुभवात बारीक बर्फच चांगला, झटपट थंड करतो. पाहुणे दारात असताना मोठे खडे काय कामाचे?

भौतिकवाली_मडगाव

झटपट तर बारीकच, त्याचं अंग जास्त असल्याने सरबताशी गाठ जास्त पडते. माझा आक्षेप एवढाच की बारीक बर्फाच्या अंगावर पाणीही जास्त असतं, ते गार न करता नुसतं पाणी वाढवतं. फोडल्याफोडल्या कोरडाच टाकला तर हा तोटा किती उरतो हे मी स्वतः मोजलेलं नाही.

ओंकार_फोंडा

मी मोजतो. शनिवारी कॉलेजला सुट्टी आहे. तेवढाच बर्फ, एकदा खडे, एकदा कुटलेला, दोन्ही वेळा स्टीलचा पेला. शेवटचं तापमान आणि तिथे पोचायला लागलेला वेळ, दोन्ही लिहून काढतो.

कुळागर_सावई

ओंकार, मोजून झालं की इथे टाक. बारसं त्याच्या पुढच्या रविवारी आहे, खलबत्ता काढायचा की नाही ते तुझ्या आकड्यांवर ठरवते. सगळ्यांना देव बरें करूं.